सगळी शेड एका वर्तुळात: सगळ्यात लहान वर्तुळ शोधायचं कसं, आणि त्याआधी यादी पिसायची कशाला

समजा सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत सहा शेड आहेत, टॉवेलचे लूम चालतात, आणि प्रत्येक शेडच्या वीजमीटरला एक छोटं वायरलेस यंत्र लावलंय जे थोड्या थोड्या वेळानं रीडिंग पाठवतं. ही सगळी रीडिंग पकडायला एकच रिसीव्हर लावायचाय. कुठं लावायचा? रिसीव्हरची रेंज जितकी जास्त तितका तो महाग, म्हणजे सगळ्यात लांबच्या शेडपर्यंतचं अंतर जितकं कमी करता येईल तितकं करायचंय. कागदावर हाच प्रश्न असा होतो: सहा ठिपके दिलेत, सगळे आत बसतील असं सगळ्यात लहान वर्तुळ काढा. वर्तुळाचा मध्य म्हणजे खांबाची जागा, त्रिज्या म्हणजे लागणारी रेंज.

आकडे हिशोबाला सोपे पडावेत असे घेतो. नकाशावर शंभर शंभर मीटरच्या चौकटी आखल्या, आणि शेड अशा पडल्या: अ (४,६), ब (५,०), क (६,३), ड (१,८), इ (९,८), फ (७,५). पहिला आकडा पूर्वेकडे किती, दुसरा उत्तरेकडे किती, एवढंच.

आता हे कुठल्याही कारखानदाराला सांगितलं की उत्तर ठरलेलं असतं, "त्यात काय एवढं, मधोमध खांब ठोका की." बरोबर आहे अण्णा, पण मधोमध म्हणजे कुठं? सगळ्यांची सरासरी काढली तर जागा येते (५.३३, ५), आणि तिथून ड शेड पडते ५२७ मीटरवर. पूर्व-पश्चिम आणि उत्तर-दक्षिण टोकं धरून चौकोन काढला आणि त्याचा मध्य घेतला तर (५,४), तिथून ड आणि इ दोन्ही ५६६ मीटर. बरेच जण तिसरं काहीतरी करतात, सगळ्यात लांबच्या दोन शेड बघायच्या, त्यांच्या बरोब्बर मध्ये उभं राहायचं. इथं ड आणि ब ही सगळ्यात लांबची एक जोडी, ८९४ मीटर, मध्य (३,४), आणि तिथून इ शेड चक्क ७२१ मीटरवर जाते. म्हणजे वाटायला सगळ्यात हुशार वाटणारा उपाय सगळ्यात वाईट निघाला. खरं उत्तर आहे (५,५), तिथून सगळ्या शेड ५०० मीटरच्या आत किंवा बरोब्बर ५०० वर. ते कसं आलं हे पुढं बघू.

प्रश्न जुना आहे, इंग्लिश गणिती जे. जे. सिल्व्हेस्टर यांनी १८५७ साली तो मांडला होता. आपण जी पद्धत बघणार आहोत ती एमो वेल्झल यांनी १९९१ साली मांडली. त्याआधी १९८३ मध्ये निम्रोद मेगिद्दो यांनी एक पद्धत दिली होती जी ठिपके दुप्पट झाले तर वेळही दुप्पटच घेते, याहून चांगलं काही मागताच येत नाही, पण ती लिहायला बसलं की डोकं उठतं. वेल्झल यांची पद्धत सरासरीत तितकीच फास्ट आणि कोड एका स्क्रीनमध्ये मावतो. माझं मत विचाराल तर दुसरीच घ्या.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की पाहिजे. सगळ्यात लहान वर्तुळ नेहमी एकच असतं, आणि ते कायम दोन किंवा तीन ठिपक्यांवर उभं असतं. दोनवर उभं असेल तर ते दोन ठिपके एकमेकांच्या बरोब्बर समोर, म्हणजे त्यांच्यातलं अंतर हाच व्यास. तीनवर असेल तर तिन्ही काठावर. बाकी ठिपके आत कितीही असूदेत, त्यांचा वर्तुळाच्या आकाराशी काही संबंध नाही, ते काढून टाकले तरी वर्तुळ तेवढंच राहतं. हे कळलं की एक आडदांड उपाय लगेच सुचतो: प्रत्येक जोडी आणि प्रत्येक तिकडी घ्या, वर्तुळ काढा, सगळे आत आहेत का बघा, जे बसतंय त्यातलं सगळ्यात लहान ठेवा. सहा शेडला चालून जाईल. पण हजार ठिपके असले तर तिकड्याच होतात सुमारे १६.६ कोटी, आणि प्रत्येक वर्तुळासाठी हजार ठिपके तपासायचे, म्हणजे काम गेलं १६,६०० कोटी तपासण्यांवर. चहा पिऊन या, जेवून या, झोपून या.

म्हणून एकेक ठिपका वाढवत जायचं. समजा पहिल्या काही ठिपक्यांचं सगळ्यात लहान वर्तुळ हातात आहे. पुढचा ठिपका घेतला. तो आत असेल तर प्रश्न मिटला, तेच वर्तुळ चालतंय, पुढं व्हा. तो बाहेर असेल तर वर्तुळ बदलावं लागणार, पण इथं फुकटात एक मोठी माहिती मिळते: नवीन वर्तुळाच्या काठावर हा बाहेरचा ठिपका असणारच. आत कुठंतरी नाही, काठावरच. सगळी पद्धत या एका वाक्यावर उभी आहे, म्हणून ते खरं का आहे ते नीट बघूया.

जुनं लहान वर्तुळ आणि नवीन मोठं वर्तुळ, दोन्ही कागदावर काढा. जुने सगळे ठिपके दोन्ही वर्तुळांत आहेत, म्हणजे ते दोघांच्या सामायिक भागात आहेत, जो साधारण भिंगाच्या आकाराचा असतो. आता वादासाठी धरून चालू की नवीन ठिपका मोठ्या वर्तुळाच्या काठावर नाही, थोडा आत आहे. मग मोठ्या वर्तुळाला हळूहळू जुन्या वर्तुळाकडं सरकवायला सुरुवात करायची, पण असं की दोघांचे छेदबिंदू जागचे हलायचे नाहीत. असं सरकवताना वर्तुळ लहान होत जातं आणि तो सामायिक भाग कायम त्याच्या आत राहतो, म्हणजे जुना एकही ठिपका सुटत नाही. आणि नवीन ठिपका तर काठापासून आत होता, त्यामुळं जरासं सरकवलं तर तोही अजून आतच. म्हणजे सगळ्यांना पोटात घेणारं आणखी लहान वर्तुळ सापडलं की! पण आपण तर म्हणत होतो की मोठं वर्तुळ हेच सगळ्यात लहान. दोन्ही खरं असू शकत नाही, म्हणून ठिपका काठावरच पाहिजे.

आता यातून काम कसं हलकं होतं बघा. ठिपका बाहेर निघाला की जुन्या सगळ्या ठिपक्यांवरून परत एकदा फिरायचं, पण यावेळी हा ठिपका काठावर ठोकून ठेवलाय, तो हलणार नाही. या फेरीतही तोच खेळ: पुढचा ठिपका आत, चालू द्या, बाहेर, तर तोही काठावर. आता दोन ठिपके काठावर ठोकले गेले, परत मागच्यांवरून तिसरी फेरी, त्यात कुणी बाहेर निघाला तर तो तिसरा, आणि तीन ठिपक्यांतून एकच वर्तुळ जातं, इथं विषय संपतो, चौथ्या फेरीची गरजच पडत नाही. एकात एक तीन लूप, बस. वेल्झल यांच्या मूळ मांडणीत हे रिकर्शननं लिहिलंय, दिसायला सुंदर, पण पायथनमध्ये रिकर्शनची मर्यादा मुळात १००० ठेवलेली असते त्यामुळं हजारभर ठिपके टाकले की `RecursionError` येऊन पडतो, म्हणून तीन लूप बरे.

```python
import random
from math import hypot

def inside(c, p):
    return hypot(p[0]-c[0], p[1]-c[1]) <= c[2]*(1+1e-9)

def two(a, b):
    x, y = (a[0]+b[0])/2, (a[1]+b[1])/2
    return (x, y, hypot(a[0]-x, a[1]-y))

def smallest(points):
    P = points[:]
    random.shuffle(P)
    c = (P[0][0], P[0][1], 0.0)
    for i in range(1, len(P)):
        if inside(c, P[i]): continue
        c = (P[i][0], P[i][1], 0.0)
        for j in range(i):
            if inside(c, P[j]): continue
            c = two(P[i], P[j])
            for k in range(j):
                if not inside(c, P[k]):
                    c = three(P[i], P[j], P[k])
    return c
```

`three` मुद्दाम लिहिलं नाही, तीन बिंदूंतून जाणाऱ्या वर्तुळाचं ते शाळेतलंच सूत्र आहे, त्यात एक भागाकार असतो आणि तोच पुढं त्रास देतो, त्यावर येतोच.

आता आपल्या सहा शेड यातून चालवू. पिसल्यावर क्रम समजा अ, ब, क, ड, इ, फ असाच आला. त्रिज्येऐवजी त्रिज्येचा वर्ग धरतो म्हणजे वर्गमुळाची कटकट नाही.

अ आणि ब चं वर्तुळ: मध्य (४.५, ३), त्रिज्येचा वर्ग ९.२५. क तपासला, मध्यापासून अंतराचा वर्ग २.२५, आरामात आत, काही करायचं नाही. ड आला (१,८), अंतराचा वर्ग ३७.२५, बाहेर. म्हणून ड काठावर ठोकला आणि मागच्यांवरून फेरी सुरू. ड आणि अ चं वर्तुळ काढलं तर ब बाहेर, मग ड आणि ब दोघं काठावर, मध्य (३,४), वर्ग २०. अ आणि क या दोन्ही यात आत बसतात. म्हणजे चार शेडपुरतं उत्तर (३,४), त्रिज्या सुमारे ४४७ मीटर. आठवलं का, हीच ती लांबच्या जोडीवाली जागा, आत्तापर्यंत ती बरोबरच होती.

आता इ (९,८). (३,४) पासून अंतराचा वर्ग ३६ अधिक १६ म्हणजे ५२, आणि त्रिज्येचा वर्ग २०. लांब बाहेर. इ काठावर ठोकला. इ-अ वर्तुळ, ब बाहेर. मग इ-ब, मध्य (७,४), वर्ग २०, अ आत, पुढं क पण आत, पण ड बाहेर, वर्ग ५२. म्हणजे इ आणि ड काठावर, दोघांचा मध्य (५,८), वर्ग १६. तिसरी फेरी: अ आत, ब (५,०) मात्र अंतराचा वर्ग ६४, बाहेर. झालं, तिघं ठरले: इ, ड, ब.

तिघांतून जाणारं वर्तुळ इथं हातानंच निघतं. ड आणि इ एकाच उंचीवर आहेत, दोघंही उत्तरेकडं ८ वर, म्हणून मध्य त्यांच्या बरोब्बर मधल्या उभ्या रेषेवर, म्हणजे पूर्वेकडं ५. उंची माहीत नाही, तिला उ म्हणू. मध्यापासून ब चं अंतर उ. ड चं अंतर: आडवं ४, उभं ८ वजा उ. दोन्ही अंतरं सारखी, म्हणून १६ + (८−उ)² = उ². उ² दोन्हीकडचा उडतो, राहतं ८० = १६उ, उ = ५. मध्य (५,५), त्रिज्या ५, म्हणजे ५०० मीटर. परतीत क तपासला, आत. शेवटी फ (७,५), मध्यापासून फक्त २०० मीटर, आत. संपलं.

एक लक्षात घ्या, फ आला तेव्हा एका तपासणीत काम झालं, पण इ आला तेव्हा मागं जाऊन सगळं उकरावं लागलं. म्हणजे सगळा खर्च "बाहेरचा निघाला" या प्रसंगाचा आहे. तो किती वेळा येतो यावर पद्धत पळणार की रखडणार ते ठरतं, आणि पिसायचं कारण हेच.

वाईट केस आधी बघा. होटगी रोडनं एक टेम्पो निघालाय आणि त्याच्या जीपीएसचे हजार बिंदू त्याच क्रमानं फाईलमध्ये आहेत. रस्ता जवळपास सरळ, त्यामुळं प्रत्येक नवीन बिंदू आधीच्या वर्तुळाच्या बाहेरच पडणार, दरवेळी! म्हणजे दरवेळी मागच्या सगळ्यांवरून फेरी. हजार बिंदूंना सुमारे ५ लाख तपासण्या. आणि बिंदू अजून वाकड्या पद्धतीनं आले आणि तिन्ही लूप पूर्ण फिरायला लागले तर ती संख्या १६ कोटींच्या घरात जाऊ शकते. खऱ्या फाईली असल्याच असतात, कुठल्यातरी क्रमानं लावलेल्या, वेळेनुसार नाहीतर पिनकोडनुसार, त्यामुळं ही भीती पुस्तकी नाही.

आता तीच यादी आधी नीट पिसली. आत्ता इथं पुढं बघून हिशोब करायला गेलं की गुंता होतो, पुढचा बिंदू बाहेर पडायची शक्यता किती हे बिंदू कसे पसरलेत त्यावर अवलंबून वाटतं. म्हणून उलटं बघायचं. समजा पहिले १०० बिंदू घेऊन झालेत आणि त्यांचं अंतिम वर्तुळ समोर आहे. प्रश्न असा: या शंभरातला शेवटी आलेला कोण होता? भिशीच्या डब्यातल्या चिठ्ठ्यांसारखं आहे, शेवटची चिठ्ठी कुणाचीही असू शकते, सगळ्यांना सारखी संधी. आणि शेवटच्या पायरीला वर्तुळ बदललं असेल तर तो शेवटचा बिंदू काठावरच्या त्या तिघांपैकीच असणार, कारण बाकी ९७ पैकी कुणी शेवटी आला असता तर त्याच्याशिवायही वर्तुळ तेच होतं. म्हणजे शंभराव्या पायरीला गडबड व्हायची शक्यता जास्तीत जास्त शंभरात ३. हजाराव्या पायरीला हजारात ३. बिंदू कुठं आहेत, सरळ रस्त्यावर की गोल चौकात, याचा प्रश्नच आला नाही.

शंभराव्या पायरीला गडबड झाली तर मागच्या शंभरांवरून फिरावं लागतं, पण ती होते शंभरात ३ वेळा, म्हणजे सरासरी खर्च ३. हजाराव्या पायरीलाही सरासरी ३. पायरी कितीही पुढची असो, महाग होत जाते तितकीच दुर्मिळही होत जाते, दोन्ही एकमेकांना कापतात. आतल्या लूपलाही हाच न्याय, फक्त तिथं एक बिंदू आधीच काठावर ठोकलेला असल्यानं उरलेले जबाबदार फक्त २, म्हणून शक्यता २ भागिले पायरी. सगळं जोडलं तर बाहेरच्या लूपची दर बिंदूला १ तपासणी, मधल्याच्या सरासरी ३, आतल्याच्या ६, एकूण सुमारे १०. हजार बिंदूंना दहा हजार तपासण्या, त्या आडदांड उपायाच्या १६,६०० कोटींशी तुलना करा. आणि बाहेरच्या लूपमध्ये वर्तुळ मोडून नव्यानं करायची वेळ हजार बिंदूंत सरासरी १९ च्या आसपास किंवा त्याहून कमी येते. कोडमध्ये एक काउंटर टाकून बघा, तो शेकड्यात गेला तर समजायचं पिसायचं राहिलंय.

इथं लोकांचा एक गैरसमज होतो, "रँडम" ऐकलं की वाटतं उत्तर अंदाजपंचे असणार. तसं नाही. पिसणं कसंही झालं तरी उत्तर तेच येतं, फक्त वेळ कमीजास्त होतो. फारच नशीब फुटकं असेल तर एखाद्या दिवशी हळू चालेल, पण चुकणार नाही. पिसायची पद्धतही नीट पाहिजे, यादीतल्या प्रत्येकाची यादीतल्या कुठल्याही एकाशी, स्वतःशीसुद्धा, अदलाबदल केली की पिसलं असं नसतं: तीन चिठ्ठ्यांना त्या पद्धतीनं २७ वाटा होतात आणि क्रम असतात ६, २७ ला ६ नं भाग जात नाही म्हणजे काही क्रम जास्त वेळा येणार. भाषेतलं तयार `random.shuffle` वापरा, ते बरोबर असतं. आणि बग शोधताना आधी `random.seed(7)` असं काहीतरी टाकून ठेवा, म्हणजे काल आलेला प्रॉब्लेम आज परत दाखवता येतो, नाहीतर दरवेळी क्रम वेगळा आणि तुम्ही डोकं धरून बसणार.

आता बिघडतं कुठं ते.

पहिली गोष्ट म्हणजे दशांश. कॉम्प्युटरमध्ये आकडे पूर्ण नेमके नसतात, त्यामुळं ज्या तीन बिंदूंतून वर्तुळ काढलं त्यातलाच एखादा पुन्हा तपासला की "बाहेर" असं उत्तर येऊ शकतं, फरक असतो केसाच्या हजाराव्या भागाइतका पण कोडला काय कळतंय. म्हणून `inside` मध्ये थोडी सूट दिलीय, `1+1e-9`. ही सूट त्रिज्येच्या प्रमाणात ठेवा, एक ठरलेला आकडा नको, कारण मीटरमध्ये चालणारी सूट डिग्रीमध्ये घातली की भलतंच होतं.

दुसरं, तो भागाकार. तीन बिंदू एका रेषेत असले तर त्यांच्यातून वर्तुळ जात नाही आणि छेदात शून्य येतं. गंमत अशी की गणित पूर्ण नेमकं असतं तर या तीन लूपमध्ये असली तिकडी `three` पर्यंत पोचलीच नसती, काठावर ठोकलेल्या दोघांच्या रेषेवर पण त्यांच्या पलीकडं तिसरा असेल तर त्या दोघांतून जाणारं कुठलंच वर्तुळ त्याला आत घेऊ शकत नाही, आणि पद्धत तर हमी देते की असं वर्तुळ आहे. म्हणजे ते शून्य जेव्हा येतं तेव्हा ते दशांशाच्या चुकीतूनच येतं, बहुतेक वेळा जवळजवळ एकाच जागी पडलेल्या दोन बिंदूंमुळं. छेद फारच लहान निघाला तर तिघांतल्या लांबच्या जोडीचं वर्तुळ घ्यायचं, आणि डुप्लिकेट बिंदू सुरुवातीलाच काढून टाकायचे.

तिसरी चूक गणिताची नाही, पण सगळ्यात जास्त दिसते ती हीच. मोबाईलवरून घेतलेले अक्षांश-रेखांश तसेच्या तसे कोडमध्ये टाकायचे. सोलापूर साधारण १७.७ अंश उत्तरेला आहे, इथं रेखांशाचा एक अंश म्हणजे जमिनीवर सुमारे १०६ किलोमीटर आणि अक्षांशाचा एक अंश जवळपास १११. दोन्ही दिशांची पट्टी वेगळी, म्हणून डिग्रीमध्ये काढलेलं वर्तुळ जमिनीवर चपटं होतं आणि खांब चुकीच्या जागी जातो. आधी मीटरमध्ये आणा, आणि आणताना एखादी शेड शून्य धरून बाकीच्यांतून ती वजा करा, म्हणजे आकडे लहान राहतात आणि दशांशाची झीजही कमी होते.

उत्तर आलं की ते बरोबर आहे का हे कोडवर विश्वास न ठेवता तपासता येतं, आणि हे मला या विषयातलं सगळ्यात आवडतं. दोनच गोष्टी बघायच्या. सगळे बिंदू आत किंवा काठावर आहेत ना, ही पहिली. दुसरी, काठावरचे बिंदू सगळे अर्ध्या वर्तुळापेक्षा लहान पट्ट्यात एकाच बाजूला गोळा झालेले नाहीत ना. गोळा झाले असतील तर मध्य जरा त्यांच्याकडं सरकवायचा, सगळ्यांचं अंतर कमी होतं, म्हणजे हे सगळ्यात लहान नव्हतंच. आपल्या केसमध्ये (५,५) पासून ड वायव्येला, इ ईशान्येला आणि ब थेट दक्षिणेला. कुठंही सरकलात तरी कुणीतरी एक लांब जाणारच, म्हणजे ५०० च्या खाली जायला जागाच नाही.

शेवटी या पद्धतीच्या स्वभावाबद्दल. ती फक्त सगळ्यात लांबच्याचाच विचार करते. समजा सातवी शेड दूर (२०,५) वर आली. आता वर्तुळ ड आणि या नव्या शेडवर उभं राहतं, मध्य (१०.५, ६.५), त्रिज्या सुमारे ९६२ मीटर. एका शेडसाठी रेंज जवळपास दुप्पट, आणि इ सोडली तर बाकी जुन्या सगळ्या शेडपासून खांब आधीपेक्षा लांब. इथं मालकाला विचारायला पाहिजे की या एका शेडचं रीडिंग हातानं घेतलं तर चालेल का. कुणाला वगळल्यानं फायदा होईल हे शोधायला सातही शेड एकेक करून काढून बघायची गरज नाही, फक्त काठावरच्या, म्हणजे इथं दोनच, कारण आतल्याला काढून वर्तुळ बदलतच नाही. नवी शेड काढली तर परत ५०० वर येतो. आणि मालक म्हणाला "दोन रिसीव्हर लावू की मग", तर तो वेगळाच प्रश्न झाला, कुठली शेड कुणाच्या वाट्याला हे आधी ठरवावं लागतं, आणि ती वाटणी हे तीन लूप करून देत नाहीत. वाटणी झाली की मात्र दोन्ही गटांवर हेच कोड एकेकदा चालवायचं.